मदत हवी आहे: रोजचे मीम आणि रील्स, बोलायचंय की नुसती सवय?

पाऊलखुणा: रोज पाच-सहा व्हिडिओ येतात. मी हसरा चेहरा टाकते आणि विषय संपतो. त्याला माझ्याशी बोलायचंय, की नुसती हाताला सवय लागलीय? कसं ओळखायचं? लवकर सांगा, आज रात्री काहीतरी लिहायचंय.

रानवारा: 'तो' कोण? नवरा, भाऊ, मित्र? आणि व्हिडिओसोबत काही लिहितो का?

गणितप्रेमी: व्हॉट्सॲपवर असेल तर वर दुहेरी बाण आहे का बघा. असेल तर नुसती ढकलगाडी. शंभर जणांना गेलेलं असतं.

मीनाक्षी_ताई: गणितप्रेमी, अर्धंच बरोबर आहे. तो संदेश पाच किंवा जास्त हातांतून फिरून आला, एवढंच दुहेरी बाण सांगतो. त्याने तो तुमच्यासाठी निवडला की सगळ्यांना पाठवला, हे त्यावरून कळत नाही.

निळा_आकाश: मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. माझा फोन असाच भरला होता.

पाऊलखुणा: जागेचा प्रश्न नाहीये हो! शाळेपासूनचा मित्र आहे, नोकरीसाठी लांब गेला. बहुतेक व्हिडिओ नुसतेच येतात. पण परवा एक मांजर कपाटावर चढून अडकलेली होती, खाली लिहिलं होतं, 'तू, गच्चीवर, नववीत'.

मीनाक्षी_ताई: हे आधी सांगायचं ना! ती ओळ दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचा सहा वर्षं मागोवा घेतला. टिकलेल्या जोडप्यांत जोडीदाराच्या अशा छोट्या हाकांना 100 पैकी 86 वेळा प्रतिसाद मिळायचा, मोडलेल्यांत 33 वेळा. तो अभ्यास नवरा-बायकोंचा होता, मैत्रीला आकडे जसेच्या तसे लावू नका. पण हाक बहुतेक वेळा क्षुल्लकच दिसते, हे इथेही खरं.
आता असं करा. इमोजीऐवजी त्याच व्हिडिओतलं काहीतरी धरून लिहा आणि एक प्रश्न विचारा. मग तो काय करतो ते बघा. प्रश्नाला धरून बोलला तर त्याला बोलायचंय. प्रश्न ओलांडून पुढचा व्हिडिओ टाकला, तर एकदा सोडून द्या, माणूस कामात असू शकतो. चार-पाचदा तेच झालं तर सवय समजा.

रानवारा: मित्राची परीक्षा कसली घेता ताई? सरळ विचारावं. माझा भाऊ वर्षभर विनोद पाठवत होता. विचारलं तेव्हा कळलं, नोकरी गेली होती.

मीनाक्षी_ताई: ज्याला सरळ बोलता येतं, तो मांजर कशाला पाठवेल? थेट विचारलं की 'काही नाही गं, सहज' म्हणेल आणि तेही बंद होईल.

पाऊलखुणा: आत्ता लिहिलं, 'गच्चीवरून मला उतरवलं कुणी, आठवतंय?' दोनदा 'टाइप करत आहे' दिसलं आणि गेलं. मग नवा व्हिडिओ आला.

गणितप्रेमी: घ्या. सवय.

मीनाक्षी_ताई: दोनदा लिहून पुसलं त्याने. एवढ्यात निकाल नको.

पाऊलखुणा: उद्या त्याला सुट्टी असते. फोन लावते.