मदत हवी आहे: साडेचार वर्षांच्या ताईच्या तोंडून बाळाच्या फोटोला कॅप्शन

ओवी_कोल्हापूर
बाळ नऊ दिवसांचं झालंय, परवा बारसं, त्या दिवशी लेकीच्या मांडीवर बाळ असलेला फोटो स्टेटसला टाकायचाय आणि कॅप्शन तिच्या तोंडून हवंय. मी लिहिलं, "आमच्या घरी चिमुकल्या पावलांचं आगमन झालं, मला हक्काचा सवंगडी मिळाला". नवरा म्हणतो पत्रिका छापतेस का. खरं तर ती पहिल्या दिवशी म्हणाली, "हा परत कधी जाणार?" हेच टाकू का?

सुमेध७७
बारशाच्या पत्रिकेला "कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या" घाला, आमच्या पुतण्याच्या वेळी हेच घातलं होतं, सगळ्यांना आवडलं.

ओवी_कोल्हापूर
दादा पत्रिका नाही ओ, स्टेटस.

बालवाडीच्या_बाई
आगमन, हक्काचा असलं काही त्या वयाचं पोर बोलत नाही, ते डोळ्याला दिसलेलं बोलतं. "तुला कसं वाटतंय" विचारलंत तर "छान" म्हणून पळून जाईल. त्यापेक्षा विचारा, बाळ दिवसभर काय करतं, त्याला काय येत नाही, तुला काय करू नको म्हणून सांगितलंय. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि वाक्यं दुरुस्त न करता नुसती मागेपुढे लावा. वजन, जन्मवेळ, दवाखाना घालू नका, तिला ते माहीत नसतं, तिथेच आई लिहितेय हे कळतं.

निशा_ठाणे
मला "परत कधी जाणार" जाम आवडलं, तेच टाक! माझ्या मुलाने तर बाळाच्या बदल्यात सायकल मागितली होती 😄

बालवाडीच्या_बाई
मी नाही टाकणार. मोठे हसतात आणि बारशाला दहा जण तिला तेच विचारून चिडवतात. वहीत लिहून ठेवा.

ओवी_कोल्हापूर
विचारलं! जसंच्या तसं:
"मी ताई झालो. बाळाला दात नाहीत. नुसतं झोपतंय. मी बोट दिलं की घट्ट धरतंय, सोडतच नाही. त्याला लाडू द्यायचा नाही. आईचे डिंकाचे लाडू मी खातो."

निशा_ठाणे
मस्त, पण मुलगी आहे ना, मग झाले, खाते असं कर. व्याकरण चुकतंय.

ओवी_कोल्हापूर
आमच्याकडे पोरी झालो-खातोच म्हणतात, मी पण 😀

बालवाडीच्या_बाई
मग हात लावू नका, बोलणारी तीच आहे हे त्यानेच कळतंय. फक्त बोटाचं वाक्य शेवटी घेऊन बघा. फोटोत बोट धरलेलं दिसतंय का?

ओवी_कोल्हापूर
दिसतंय ना. पण लाडवावर संपलं की ती जास्त वाटते तीच. आणि सासूबाई म्हणतायत "दात नाहीत" काढ, बरं दिसत नाही. काय करू?