चाचणीत प्रत्येक पर्यायाला स्पष्टीकरण कसं लिहावं? (आठवी शिष्यवृत्ती, गणित)

वारजे_शिक्षिका
नमस्कार मंडळी. मी वारज्याला आठवीच्या मुलांची शिष्यवृत्तीची तयारी घेते. दर शनिवारी गूगल फॉर्मवर बहुपर्यायी चाचणी असते. मुलं गुण बघतात, "मॅडम, 14 पडले" म्हणतात आणि विषय संपतो. पुढच्या चाचणीत तीच चूक परत. म्हणून प्रत्येक पर्यायाखाली दोन ओळी लिहायच्या ठरवल्या आहेत. एक नमुना देते.

500 रुपयांच्या वस्तूची किंमत 20 टक्क्यांनी वाढवली. मग नव्या किमतीवर 20 टक्के सूट दिली. आता किंमत किती? पर्याय: 500, 480, 400, 450.

500 खाली मी लिहिलंय, "चूक. शेकडेवारीचा पाया पुन्हा बघ." 400 आणि 450 खालीही साधारण तेच. हे वाचून मुलाला काही मिळेल असं मला वाटत नाही. काय लिहावं, किती लिहावं, आणि फॉर्ममध्ये ते बसवायचं कसं?

सदाशिवपेठी
मॅडम, प्रत्येक पर्यायाला कशाला वेगळं लिहिता? शेवटी एकदा पूर्ण उदाहरण सोडवून दाखवा. ज्याला शिकायचंय तो आपलं काम त्याच्याशी ताडून बघेल. वीस प्रश्नांचे ऐंशी पर्याय लिहीत बसलात तर शनिवारचा रविवार होईल.

मुळाकाठ
सदाशिवपेठी, बेरीज-वजाबाकीत घसरलेल्या मुलाला पूर्ण उदाहरण पुरतं, हे खरं. पण ज्याची समजूतच वेगळी आहे तो तुमचं उदाहरण वाचतो, "हो, बरोबर" म्हणतो, आणि स्वतःचं कुठे बिनसलं ते त्याला कळत नाही. 500 निवडणाऱ्याच्या मते 20 टक्के वाढ आणि 20 टक्के घट एकमेकांना खाऊन टाकतात. त्याला हेच सांगायला हवं की वाढ 500 वर मोजली, सूट 600 वर. टक्के तेवढेच असले तरी रुपये 100 आणि 120 होतात.

मॅडम, मी लिहितो ते असं. आधी स्वतःला विचारायचं, हे उत्तर मुलाच्या वहीत कोणत्या वाटेने आलं असेल? 400 ची वाट सरळ आहे: वाढ विसरली, मूळ किमतीतूनच 100 वजा केले. स्पष्टीकरणाच्या पहिल्या वाक्यात ती वाट, दुसऱ्यात ती जिथे चुकते ती जागा, आणि तिसरं लागलंच तर पुढची पायरी. यापेक्षा लांब झालं की मुलं वाचत नाहीत.

आता 450 घ्या. मला त्याची वाट सापडली नाही. वाट सापडत नसेल तर तो पर्याय नुसती भरती आहे. स्पष्टीकरण लिहू नका, पर्यायच बदला. तिथे 520 टाका. "20 टक्क्यांचे 20 टक्के म्हणजे 4 टक्के" इथपर्यंत बरोबर येऊन ते वजा करण्याऐवजी मिळवणारी मुलं असतात.

आणि "तू वाढ विसरलीस" असं ठामपणे लिहू नका. "400 आलं असेल तर बहुधा वाढ धरायची राहिली" असं लिहा. आपला अंदाज चुकला तर मूल त्या स्पष्टीकरणावरचा विश्वासच सोडतं.

स्नेहल_हडपसर
थोडं वेगळं विचारते. माझ्या मुलीच्या शाळेत उत्तरसूची देतात त्यात फक्त क्रमांक असतात. पुनर्तपासणीच्या अर्जात ही स्पष्टीकरणं जोडता येतील का?

मुळाकाठ
ताई, इथे सराव चाचणीनंतर मुलांना काय वाचायला द्यायचं याबद्दल चाललंय. पुनर्तपासणीसाठी नवा धागा काढा, माहीतगार उत्तर देतील.

कोथरूड_गणित
मुळाकाठ सरांशी सहमत, पण या प्रश्नात एक अडचण अजून कुणी काढली नाही. 480 हे बरोबर उत्तर आहे आणि 500 वजा 20 सुद्धा 480 च होतात! वाचताना गोंधळलेलं मूल "20 कमी झाले" म्हणून सरळ 20 रुपये वजा करेल आणि पूर्ण गुण घेईल. मॅडम, मूळ किंमत 800 करा. मग 800, 960, आणि 960 चे 20 टक्के 192 गेले की 768. चुकीचे पर्याय 800, 640 आणि 832. आता 20 वजा करणाऱ्याला 780 मिळतं, ते पर्यायांत नाही, म्हणजे त्याला थांबून प्रश्न पुन्हा वाचावा लागतो.

याच कारणाने बरोबर पर्यायालाही स्पष्टीकरण हवंच. अंदाजाने टिचकी मारलेल्या मुलाला आपल्याला येतं असं वाटत राहतं.

वारजे_शिक्षिका
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मनापासून आभार. 800 करते. पण फॉर्ममध्ये मला बरोबर उत्तरासाठी एक आणि चुकीच्यासाठी एक अशी दोनच जागा दिसतात.

कोथरूड_गणित
हो, `Add answer feedback` मध्ये दोनच रकाने आहेत. चुकीच्या रकान्यात तिन्ही वाटा एकाखाली एक लिहिता येतात: "800 आलं असेल तर…, 640 आलं असेल तर…". दुसरा मार्ग `Go to section based on answer`. प्रत्येक पर्यायावरून वेगळ्या विभागात पाठवायचं आणि तिथे स्पष्टीकरण ठेवायचं. पण मूल मागे जाऊन उत्तर बदलू शकतं, त्यामुळे त्या गुणांना अर्थ राहत नाही. सरावापुरतं चालेल.

शाळेकडे मूडल ही ऑनलाइन चाचण्यांची प्रणाली असेल तर तिच्यात प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र जागा आहे. साध्या मजकुरात लिहून एकदम चढवता येतं:

```
::किंमत:: 800 रुपयांच्या वस्तूची किंमत
20 टक्के वाढवली, मग नव्या किमतीवर
20 टक्के सूट दिली. आता किंमत किती? {
=768 #सूट 960 वर मोजली. 960 - 192 \= 768
~800 #वाढ 800 वर, सूट 960 वर. रुपये सारखे नाहीत.
~640 #बहुधा वाढ धरायची राहिली. आधी 960 काढ.
~832 #4 टक्के बरोबर, पण ते कमी होतात.
}
```

स्पष्टीकरणात बरोबरचं चिन्ह आलं की त्याआधी `\` हवं, नाहीतर मूडल त्याला नवं उत्तर समजू शकतं. आणि "पर्याय ब चूक" असं कधीच लिहू नका, क्रम ढवळला की ब चा क होतो. एवढं करून स्पष्टीकरण दिसत नसेल तर चाचणीच्या `Review options` मध्ये `Specific feedback` वर खूण आहे का बघा.

शनिवारपेठ_इतिहास
गणितात वाट सापडते, पण मी इतिहास शिकवतो. सत्यशोधक समाजाची स्थापना कधी? 1848, 1867, 1873, 1875. इथे कसली वाट?

मुळाकाठ
इथे प्रत्येक सालाला त्याची खरी ओळख द्या. 1848 ला फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, म्हणजे माणूस बरोबर, काम वेगळं. 1867 प्रार्थना समाज, 1875 आर्य समाज, दोन्ही मुंबईत. मुलाने नेमकं काय कशात मिसळलं ते त्याला दिसतं. उगीच 1871 टाकलंत तर त्याखाली लिहायला काही उरत नाही.

सदाशिवपेठी
हे पटलं. पण पहिल्याच चुकीला बरोबर उत्तर सांगून टाकायचं का? माझ्या मते फक्त वाट दाखवावी आणि पुन्हा सोडवू द्यावं.

मुळाकाठ
पुन्हा सोडवायची संधी असेल तर हो. पण एकदाच सोडवायची चाचणी असेल तर उत्तर द्यायलाच हवं. बटलर आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये हेच दाखवलं होतं: बहुपर्यायी चाचणीत निवडलेला चुकीचा पर्याय नंतर खरा म्हणून आठवू शकतो, आणि उत्तर कळवलं की तो परिणाम कमी होतो.

कोथरूड_गणित
मी तरी पहिल्या फेरीत उत्तर देत नाही. यावर आपलं जमणार नाही असं दिसतंय. :)

वारजे_शिक्षिका
शनिवारच्या चाचणीत पाच प्रश्न असे करून बघते, आणि मुलांकडून कच्चं काम लिहिलेले कागदही घेते, म्हणजे माझ्या वाटा खऱ्या आहेत का ते कळेल. एक राहिलं. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असतात. मुलाने त्यातला एक बरोबर आणि एक चुकीचा निवडला तर दोन स्पष्टीकरणं एकत्र वाचताना गोंधळेल का? कुणी केलंय?