प्रतिसाद: भाडेकरार तपासताना

«दोनदा वाचला, स्पेलचेकही केला. आता सही करायला हरकत नाही ना?»

थोडं थांबा. घातक चुका स्पेलचेकला दिसतच नाहीत, कारण चुकून पडलेला शब्दही शुद्धच असतो. जुन्या मसुद्यावरून नवा करताना ‘भाडेकरू’च्या जागी ‘मालक’ पडतो आणि ‘दोन महिन्यांची सूचना देऊन भाडेकरू करार संपवू शकेल’ हा तुमचा हक्क समोरच्याचा होतो. म्हणून छापील प्रतीवर दोन्ही शब्दांना वेगवेगळ्या रंगांनी खुणा करा आणि प्रत्येक कलमात कोण देणार, कोण करणार एवढंच बघा.

इथल्या इतर प्रतिसादांत कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे कलमांचे क्रमांक. समजा अनामतीच्या कलमात ‘कलम ९ चा भंग झाल्यास रक्कम जप्त’ असं आहे आणि ९ म्हणजे पोटभाडेकरू ठेवण्यास बंदी. शेवटच्या क्षणी त्याच्या अगदी आधी पार्किंगचं कलम घुसवलं की बंदी १० वर जाते, संदर्भ मात्र हाताने टाइप केलेला असल्याने ९ च राहतो. आता गाडी चुकीच्या जागी लावली तरी अनामत जाऊ शकते! ‘कलम’ शब्द शोधून प्रत्येक संदर्भ उघडून पाहा. दुरुस्ती पेनाने केली तर दोन्ही प्रतींवर, दोघांच्या सहीनिशी करा.