पॅराबोलिक सार: ट्रेलिंगला झकास, साईडवेजला घात?

नवखा_ट्रेलर: डेली चार्टवर लाँग पोझिशन सारच्या ठिपक्यांनी ट्रेल करतो, म्हणजे भावाखालचा ठिपका चढेल तसा स्टॉप वर नेतो. ट्रेंडमध्ये काही तक्रार नाही. पण भाव पट्ट्यात अडकला की ठिपका येऊन चिकटतो, मला बाहेर काढतो आणि भाव पुन्हा वर. माझं सेटिंग चुकतंय की साधनच चुकीचं?

खुसपट: साधन ठरल्याप्रमाणेच वागतंय. भाव थांबला तरी ठिपका थांबत नाही, हे आधी पक्कं करा. नवा हाय झाला नाही तर एएफ, म्हणजे ठिपक्याचा वेग ठरवणारा आकडा, वाढत नाही, एवढंच. ठिपक्यापासून EP पर्यंतचं, म्हणजे ट्रेंडमधल्या सगळ्यात वरच्या हायपर्यंतचं, उरलेलं अंतर मात्र रोज त्या टक्क्याने कापलं जातंच.

```
SAR_next = SAR + AF × (EP − SAR)
```

समजा हाय ११०, ठिपका ९८, आणि चार-पाच नवे हाय होऊन एएफ ०.१० वर गेलाय. आता भाव १०३ ते ११० मध्ये अडकला. ठिपका ९९.२०, १००.२८, १०१.२५ असा चढत सहाव्या कॅन्डलला १०३.६२ वर येतो. त्या दिवशी लो १०३. झालं, बाहेर. पडझड कसलीच नाही, फक्त सहा दिवस गेले. (आधीच्या दोन कॅन्डलचे लो १०४ च्या वर धरलेत. सार त्या लोच्या वर जाऊ शकत नाही.)

खरी गंमत पुढे आहे. उलटून शॉर्ट झालात तर नवा ठिपका थेट ११० वर बसतो आणि एएफ पुन्हा ०.०२. तो चार पावलांत जेमतेम १०९.४६ ला उतरतो. भाव तिथे परत आला की सात पॉइंटांच्या रेंजमध्ये जवळपास सहा पॉइंटांचा फटका. मग लाँग, तेही रेंजच्या माथ्यावर.

रेंजवाला: एवढं गणित कशाला? दर नव्या हायला एएफ जेवढा वाढतो ती स्टेप ०.०२ ची ०.०१ करा, प्रश्न मिटला. मी तेच करतो.

खुसपट: अर्धाच मिटला. एएफची कमाल ०.२० तशीच ठेवलीत तर लांब ट्रेंडमध्ये एएफ तिथे पोचतोच, फक्त उशिरा. आणि दम खायला बाजार थांबतो तो बहुतेकदा लांब ट्रेंडनंतरच, म्हणजे ठिपका सगळ्यात चपळ असताना. ०.२० ला उरलेलं अंतर साधारण तीन कॅन्डलमध्ये अर्धं होतं, ०.०५ ला तेरा-चौदा लागतात. कमाल उतरवा, स्टेप नंतर बघा. अर्थात मग खऱ्या टॉपला जास्त परत द्यावं लागेल, ते फुकट नाही.

पाच_मिनिटवाला: माझं वेगळंच. मी ठिपका खाली आला की एन्ट्री घेतो, पाच मिनिटांच्या चार्टवर. दुपारी नुसते फटके बसतात. ट्रेंडची ताकद मोजणारा एडीएक्स २० च्या खाली असेल तर घेऊच नये ना?

खुसपट: इथे विषय एक्झिटचा चाललाय. तरी सांगतो, एन्ट्री टाळायला एडीएक्सचा उपयोग होतो. दोन्ही वायल्डर यांनीच १९७८ मध्ये मांडलेले, आणि सार ट्रेंडमध्येच वापरावा असं त्यांचंही म्हणणं. पण पोझिशन चालू असताना एडीएक्स २० खाली येईपर्यंत ठिपका बहुधा काम उरकून गेलेला असतो.

मृण्मयी_चार्ट: मला हे सगळं रडगाणं वाटतं. सारने बाहेर काढलं म्हणजे घात कसा? जो शेअर सहा दिवस जागचा हलत नाही, त्यात पैसे अडकवून काय करायचंय? वेळेवर चालणारा स्टॉप हाच तर याचा गुण. घात उलटून शॉर्ट जाण्यात आहे. ते करूच नका, नुसते बाहेर पडा.

खुसपट: उलटू नये, हे शंभर टक्के मान्य. पण नुसतं बाहेर पडूनही खर्च उरतो. वरच्या उदाहरणात १०३.६२ ला निघालात आणि ११० तुटल्यावर परत घेतलंत, तर सहा पॉइंट आणि वर ब्रोकरेज गेलं. वेळेचाच स्टॉप हवा असेल तर कॅन्डल मोजा आणि क्लोजला निघा. ठिपक्याने निघालात तर बहुतेक वेळा पट्ट्याच्या तळाशीच विकता, कारण तिथेच तो भावाला शिवतो.

मृण्मयी_चार्ट: आणि ११० तुटलंच नाही, भाव ९० ला गेला तर? तेव्हा १०३.६२ देवासारखं वाटेल. फक्त सुटलेल्या तेजीचाच हिशोब मांडू नका.

खुसपट: मुद्दा बरोबर. एटीआरचा, म्हणजे भावाच्या सरासरी हालचालीच्या पटीत हायपासून खाली ठेवलेला, ट्रेल लावला तर एटीआर तसाच असेपर्यंत तो पट्ट्यात जागचा हलत नाही. एटीआर ३ पॉइंट धरून तीनपट लावला तर स्टॉप १०१, म्हणजे १०३ चा लो झेलला जातो. पण ९० च्या वाटेवर तुमच्यापेक्षा अडीच पॉइंट जास्त जातील.

नवखा_ट्रेलर: मग नवे हाय होईपर्यंत सार, आणि पाच कॅन्डल नवा हाय नाही झाला की ठिपका आहे तिथेच गोठवायचा, असं चालेल का?

खुसपट: चालेल, पण मग तो सार उरला नाही, तुमचा स्वतःचा नियम झाला. पाचच का, तीन का नाही, हे जुन्या चार्टवर तपासा. आणि गोठवताना ठिपका पट्ट्याच्या खाली आहे ना, तेही बघा. वरच्या उदाहरणात पाचव्या कॅन्डलला तो १०२.९१ वर होता, १०३ पासून केसभर खाली.

रेंजवाला: माझं ०.०१ च बरं.