नीटची रेषा दर वर्षी कोण हलवतं?

वेंगुर्ल्याचा बाबा: शेजारच्या मुलीला २०२४ च्या नीटमध्ये १५० गुण, खुला प्रवर्ग, अपात्र. माझ्या मुलाला २०२५ मध्ये १५०, तोच प्रवर्ग, पात्र. ही रेषा ठरवतं कोण?

खाडीकाठ: सरकारच. जागा वाढल्या की रेषा खाली आणतात.

निवृत्त मास्तर, चिपळूण: एमबीबीएसच्या नीटला तसं नाही. खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल हवा, म्हणजे परीक्षा दिलेल्यांच्या बरोबर मधल्या मुलाइतके गुण. तो मधला मुलगा २०२३ ला १३७ वर होता, २०२४ ला १६२ वर, २०२५ ला १४४ वर. २०२५ चा फिजिक्सचा पेपर आठवा, पहिला आलेलाही ६८६ वर थांबला.

मालवणी माणूस: आमच्या चेडवाक दहावीक गणितात ३५ पडले, पास झाला. थंय ३५ म्हणजे ३५च. हय कित्याक बदलता?

मास्तर: दहावीत आकडा बांधलेला, म्हणून पेपर अवघड गेला की नापास वाढतात. नीटमध्ये उलट, माणसांचा वाटा बांधलेला, म्हणून आकडा हलतो. २०२४ चंच बघा. अणूवरच्या एका प्रश्नाला जुन्या पुस्तकामुळे दोन उत्तरं धरली होती, तेव्हा रेषा होती १६४. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि एकच उत्तर उरलं. दुसरं लिहिणाऱ्या चार लाखांहून अधिक मुलांचे प्रत्येकी ५ गुण गेले, चार मिळालेले आणि एक उणे. बाकीच्यांचे तसेच राहिले, म्हणून रेषा पाच नाही, दोनच खाली आली. आता १६३ वाला काही न करता पात्र झाला, आणि दुसरं उत्तर लिहिलेला १६६ वाला १६१ वर येऊन बाहेर पडला.

रत्नागिरीची डॉक्टरीण: मास्तर, गणित मान्य, पण याला पात्रता कशी म्हणायची? तयारी न करता फॉर्म भरणारे वाढले की मधला मुलगा खाली सरकतो. ७२० पैकी १४४ म्हणजे वीस टक्के! पूर्वी प्रवेशपरीक्षेत ५० टक्के गुणांची अट होती, तीच बरी.

मास्तर: आणि पेपर काढणाऱ्याचा हात जड पडला त्या वर्षी? जागा रिकाम्या ठेवायच्या?

डॉक्टरीण: मग आधीच्या वर्षांचे काही प्रश्न नव्या पेपरात घालून काठिण्य तपासा. मुलांची फक्त एकमेकांशी तुलना करून त्यांना काय येतं ते कळत नाही.

मास्तर: नीटचा पेपर परीक्षा झाली की सगळ्यांच्या हातात असतो. जुना प्रश्न घातलात तर क्लासवाले तो पाठ करून घेतील.

खाडीकाठ: पण २०२३ ला एमबीबीएसनंतरच्या पीजी नीटची रेषा शून्य पर्सेंटाइलवर आणली, ती जागांसाठीच ना?

डॉक्टरीण: हो, तिथे तुमचं बरोबर आहे. मास्तर, आता बोला.

वेंगुर्ल्याचा बाबा: म्हणजे मुलाचं एमबीबीएस पक्कं?

मास्तर: नाही हो! १४४ ला फक्त यादीत नाव येतं. सरकारी जागेची रेषा रँकवर ठरते, आणि ती फार वर असते.