उत्तर: सिकल सेल, सातवा महिना आणि अंगदुखी

> वहिनीला सिकल एसएस आहे, सातवा महिना. हातपाय ठणकतात. सुरगाण्याहून नाशिकला न्यावं की घरीच गोळी द्यावी?

दुखणं सौम्य असेल तर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि ऊब. ब्रुफेन नको, २८ आठवड्यांनंतर त्याने बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते.

गोळीने उतार नाही, ताप आला, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच १०८ बोलवा. खरा धोका छातीचाच. सिकलमध्ये विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी फुप्फुसात अडकतात आणि ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छही दिसतो, त्यावर विसंबू नका. ऑक्सिमीटरवर ९५ च्या खाली आकडा म्हणजे रक्तपेढी असलेलं रुग्णालयच गाठायचं. आकडा ठीक, पण धाप आहे, तरीही जायचंच. सिकलचा रिपोर्ट सोबत ठेवा. सिकलसाठीची हायड्रॉक्सियुरिया गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, गरोदरपणात ती सहसा बंद करतात.