मदत हवी आहे: तळलेला कांदा दुसऱ्या दिवशी वातड होतो

रोवळी
नमस्कार. बिर्याणीवर घालतात तसा तळलेला कांदा घरी करून ठेवायचा आहे. मुलगा नागपूरला वसतिगृहात असतो. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला येऊन परत जाईल तेव्हा त्याच्याबरोबर डबा द्यायचा आहे. तिथल्या वरणभातावर चिमूटभर घातला की त्याचं जेवण नीट होतं. म्हणजे निदान पंधरा दिवस टिकायला हवा.

आतापर्यंत तीनदा केला. परवाचं सांगते. सोललेला अर्धा किलो कांदा उभा चिरला, सुरीनेच. कढईत तेल चांगलं तापवून मोठ्या आचेवर दोन घाण्यांत तळला. छान तांबूस झाल्यावर झाऱ्याने काढून पिठाच्या चाळणीत निथळत ठेवला. रात्री स्टीलच्या डब्यात भरला, झाकण घट्ट आहे. ताटात घेतला तेव्हा कुरकुरीत होता, सकाळी डबा उघडला तर सादळलेला. काही तुकडे तर चामड्यासारखे, दाताखाली ओढावे लागतात.

डोंबिवलीत पाऊस थांबायला तयार नाही, त्यामुळे हवेचाच दोष असावा असं वाटतं. की कांदाच चुकीचा आहे? पांढरा घेऊ का?

पाटावरवंटा
ताई, पीठ भिजवताना पाणी अजिबात घालू नका. कांद्याला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेल्या पाण्यातच मावेल तेवढं बेसन आणि दोन चमचे तांदळाचं पीठ घाला. वर चमचाभर कडकडीत तेल. खेकडा भजी थंड झाली तरी कुरकुरीत राहतात. पण पंधरा दिवस कोणतीच भजी टिकायची नाहीत.

रोवळी
धन्यवाद, पण मी भजीबद्दल विचारत नाहीये. नुसता कांदा, पीठ न लावता तळलेला. काही जण त्याला बिरिस्ता म्हणतात.

सुगरण_सातारा
मीठ मात्र लावाच. अर्धा तास ठेवून घट्ट पिळून घ्या, निम्मं पाणी तिथेच जातं. वर कॉर्नफ्लोअर भुरभुरवा, दुकानातल्या तयार पाकिटांतही बहुतेक वेळा पीठ असतं. आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा, फ्रिजची हवा कोरडी असते. पांढऱ्या कांद्याचं मला माहीत नाही.

देगवाला
लग्नाच्या जेवणांची कामं घेतो. बिर्याणी असली की आदल्या दिवशी वीस-पंचवीस किलो कांदा तळावा लागतो, त्या अनुभवावरून लिहितो.

रोवळीताई, हवेला दोष देण्याआधी एक तपासून पाहा. पुढच्या वेळी तळलेला कांदा पूर्ण गार झाल्यावर दोन भाग करा. एक भाग काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करा आणि दोन दिवस उघडूच नका. दुसरा नेहमीच्या डब्यात ठेवून रोज उघडा. डब्यातला मऊ पडला आणि बाटलीतला कुरकुरीत राहिला, तर हवा दोषी. पण न उघडलेल्या बाटलीतलाही मऊ पडला, तर पाणी बाहेरून आलेलं नाही, ते कांद्यातच राहिलं होतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते, कारण एका रात्रीत बंद डब्यात एवढी हवा शिरत नाही.

कांद्यात दहा भागांतले जवळजवळ नऊ भाग पाणी असतं. ते सगळं तेलात उडून जायला वेळ लागतो. मोठ्या आचेवर कांद्यातली साखर आधी लाल होते आणि रंग बघून आपण काढतो. पातळ तुकडे तोवर वाळलेले असतात, जाडांच्या पोटात ओल असते. डब्यात बंद केल्यावर ती ओल शेजारच्या वाळलेल्या तुकड्यांत पसरते आणि सकाळी सगळेच सारखे मऊ. तुमचे चामड्यासारखे तुकडे ते जाडच असणार.

म्हणून आधी चिरणं. सुरीने सगळे तुकडे एकसारखे पडायला हात बसलेला लागतो, किसणीच्या चकत्यांच्या पात्यावर सोपं जातं. जाडी दोन मिलिमीटरच्या आत. याहून महत्त्वाचं म्हणजे बुडखा पूर्ण काढा. तो राहिला की पाकळ्या एकमेकींना धरून राहतात आणि चार पाकळ्यांचा तो जुडगा आतून वाळतच नाही. चिरल्यावर हाताने सगळं मोकळं करा, सुती पंचावर पसरून पंख्याखाली तासभर ठेवा.

आता तळणं. लिटरभर तेलात एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त नको. कांदा टाकताना तेल तापलेलं आणि आच मोठी, कारण एवढा ओला कांदा पडल्यावर तेल एकदम गार होतं. सुरुवातीला जोरात फेस येतो, ते पाणी निघतंय. सतत हलवा. कडा पिवळसर व्हायला लागल्या की आच मध्यम करा आणि इथून रंगाकडे कमी, बुडबुड्यांकडे जास्त लक्ष द्या. फेस बसला, चरचर मंदावली की पाणी संपत आलं. बुडबुडे जोरात असतानाच कांदा तांबूस दिसला, तर आच जास्त आहे असं समजा.

काढायचा तो फिकट बदामी असताना. बाहेर काढल्यावरही मिनिटभर तो आतल्या उष्णतेवर भाजत राहतो आणि दोन छटा गडद होतो. कढईतच हवा तसा तांबूस दिसला तर ताटात कडू लागेल. गरम असताना तो लवलवीतच असतो, त्याला घाबरू नका. एक तुकडा काढून गार करा आणि मोडून पाहा. कट्कन तुटला तर घाणा झाला.

चाळणीतला ढीग तुम्हाला नडला असणार. खालच्या थराची वाफ वरच्याला लागते. मोठ्या परातीत टिपकागद घालून एकेरी पसरा, काट्याने मोकळा करा. छापील वर्तमानपत्र नको, शाई तेलात उतरते.

आता पांढऱ्या कांद्याचं. जुलैत बाजारात चाळीत साठवलेला उन्हाळी कांदा असतो. तो टिकाऊ आणि त्यातल्या त्यात कमी पाण्याचा, तेव्हा कांदा तुमचा बरोबर आहे. दिवाळीच्या सुमारास नवा लाल पोळ कांदा येतो, त्याने मात्र त्रास होतो. अलिबागचा पांढरा कांदा खायला गोड, पण गोड म्हणजे लवकर लाल होणारा. या कामाला मी तो घेत नाही.

सुगरण_सातारा
मिठाबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. आमच्याकडे आजीपासून मीठ लावूनच करतात आणि उत्तम होतो.

देगवाला
मिठाने पाणी सुटतं, तळायचा वेळ वाचतो, हे खरंच आहे. मी लावत नाही, कारण घट्ट पिळल्यावर पाकळ्या चेपून एकमेकींना चिकटतात आणि पुन्हा गुठळ्या होतात. पुढे ग्रेव्हीत वाटताना मिठाचा अंदाजही चुकतो. तुमच्या हाताला जमत असेल तर चूक म्हणणार नाही. कॉर्नफ्लोअरने जास्त वेळ कुरकुरीत राहतो हेही बरोबर, पण त्याच कांद्याची बिर्याणी दमाला लावली की पीठ सुटून चिकट होतं. वरणभातावर घालायला चालेल. तेल मात्र लवकर गढूळ होतं.

फ्रिजचं मात्र पटत नाही. गार डबा बाहेर काढून उघडला की पावसाळी हवेतलं पाणी कांद्यावर धरतं, जसं गार पाण्याच्या पेल्यावर बाहेरून धरतं. फ्रीझरमध्ये ठेवायचा तर छोट्या पिशव्यांत भरा आणि लागेल ती पिशवी पूर्ण वापरा.

मस्कतकर
आमच्याकडे दिवसरात्र एसी, घरात डबा उघडा राहिला तरी कांदा बरा असतो. पण तेल कमी खायचं म्हणून मी एअर फ्रायरमध्ये करतोय. दोन चमचे तेल चोळून टाकतो. टोकं काळी होतात आणि मधला भाग मऊच. तापमान कमी केलं तर सुकलेल्या कांद्यासारखा लागतो, तळल्यासारखा नाही. कोणाला जमलंय का?

देगवाला
मी त्यात केलेला नाही, त्यामुळे सांगू शकत नाही. तेलात बुडालेल्या तुकड्याला चहूबाजूंनी सारखी उष्णता लागते, वाऱ्यावर पातळ टोकाला आधी लागते. त्यामुळे तुकड्यांची जाडी तिथे आणखीच महत्त्वाची असणार.

रोवळी
रविवारी पुन्हा केला, सविस्तर लिहिते.

सोललेला अर्धा किलो कांदा, किसणीवर चकत्या, बुडखा काढून हाताने मोकळा केला. पंख्याखाली तासभर. दोन घाणे. पहिल्यात आच कमी करायला उशीर झाला, फेस जोरात असतानाच रंग चढला, म्हणून तो वेगळा ठेवला. दुसरा सांगितल्याप्रमाणे केला, पंधरा मिनिटांच्या वर लागली. गार झाल्यावर दोन्ही वजन केले. पाव किलो कांद्याचा पहिला घाणा भरला 74 ग्रॅम, दुसरा 56. रंग जवळजवळ सारखा!

दोन्हींची एकेक बाटली बंद केली. आज बुधवारी उघडल्या. पहिली मऊ. दुसऱ्या बाटलीतला अजून कट्कन मोडतो. दुसऱ्या घाण्यातला थोडा रोजच्या डब्यात होता, तो कालपासून जरा नरमला आहे. म्हणजे हवासुद्धा आहेच, पण माझं मुख्य दुखणं आत राहिलेलं पाणी होतं.

पहिल्या घाण्याचं आता काही करता येईल का?

देगवाला
वजनाचा ताळा चांगला केलात. कांदा दर वेळी वेगळा असतो आणि तेलही कमीजास्त शोषलं जातं, म्हणून 56 हा आकडा पक्का धरू नका. पण त्याच आठवड्यात, त्याच पिशवीतल्या कांद्याला तो उपयोगी पडेल.

पहिला घाणा ओव्हनमध्ये 110 अंशांवर एकेरी पसरून सात-आठ मिनिटं ठेवा, रंगावर नजर ठेवून. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर अगदी मंद आचेवर परता. गार झाल्यावरच मोडून पाहा. जुडगे असतील ते वेचून आजच्या भाजीत टाका, ते सुधारत नाहीत.

मुलाला एक मोठा डबा देऊ नका, वसतिगृहात तो दिवसातून दोनदा उघडणार. दोन-तीन दिवस पुरेल एवढ्या लहान झिप पिशव्या करा, हवा दाबून काढा आणि सगळ्या एका डब्यात ठेवा. एका वेळी एकच उघडायची. तळायला ताजं तेल घ्या. आधी पुऱ्या तळलेलं असेल तर कांदा कुरकुरीत राहील, पण खवट वास लवकर येईल. पंधरा दिवस बाहेर सहज राहायला हवा.

रोवळी
ओव्हन नाही, तव्यावर करून बघते. झिप पिशव्या आज आणते. कांदा तळलेलं उरलेलं तेल कशात वापरता?

सुगरण_सातारा
मटकीच्या उसळीला फोडणी द्या त्याची. आणि मी या रविवारी अर्धा कांदा मीठ लावून, अर्धा न लावता करते, दोन्ही वजन करून इथेच लिहिते.